सराव पत्रिका आणि गृहपाठ : पॉइंटच्या उजवीकडे काय आहे?

इयत्ता सातवी, मराठी माध्यम. विषय : गणित. घटक : दशांश अपूर्णांक आणि मापे.
शुक्रवारी दिलेला गृहपाठ सोमवारी प्रार्थनेआधी वर्गातल्या टेबलावर ठेवावा. उत्तरे या कागदावर नाही, गणिताच्या वहीत लिहा.

मुलांनो, दशांशांच्या नमुना पत्रिकेत उभ्या मांडणीच्या बेरजा-वजाबाक्या पानभर होत्या. त्या मी काढून टाकल्या आहेत, कारण त्या तुम्हाला येतात. घटक चाचणीत जवळजवळ सगळ्यांची मांडणी नीट होती, हातचाही कुणी विसरले नव्हते. चूक त्याच्या आधीच, माप दशांशात लिहिताना झाली. ३ किलो ५० ग्रॅम म्हणजे ३.५० किलो, असे अर्ध्याहून जास्त वह्यांत होते. तिथून पुढची सगळी आकडेमोड बरोबर आणि उत्तर मात्र चूक! म्हणून ही पत्रिका फक्त त्या एका पायरीसाठी आहे.

प्रत्येक गणिताआधी वहीत एक ओळ लिहायचीच : एकात किती? एका किलोत १००० ग्रॅम, एका मीटरमध्ये १०० सेंमी, एका तासात ६० मिनिटे, एका एकरात ४० गुंठे. ही ओळ नसेल तर उत्तर बरोबर असले तरी मी खूण करणार नाही.

सोडवून दाखवलेले उदाहरण

३ किलो ५० ग्रॅम काजूगर. दर किलोला ८०० रुपये (दर गणितापुरता धरला आहे).
एकात किती? १ किलो = १००० ग्रॅम. म्हणून ५० ग्रॅम = ५०/१००० = ०.०५० किलो.
एकूण वजन ३.०५० किलो. किंमत ३.०५० × ८०० = २४४० रुपये.
हेच वजन ३.५० धरले तर २८०० रुपये होतात. गिऱ्हाइकाचे ३६० रुपये जास्त गेले, तेही गुणाकारात एकही चूक नसताना.

वाचतानाही लक्ष द्या. "तीन पॉइंट पन्नास" म्हणू नका. पॉइंटनंतरचा प्रत्येक अंक सुटा वाचा : तीन पॉइंट शून्य पाच शून्य. मोठ्याने असे वाचले की मधले शून्य गळत नाही.

भाग १ : काटा

१. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर हे आकडे दिसले. किलो आणि ग्रॅममध्ये लिहा : १.०५०, ०.७५०, २.००५, ०.३००.

२. दशांशात लिहा आणि लहानापासून मोठ्याकडे क्रम लावा : ४ किलो ५०० ग्रॅम, ४ किलो ५ ग्रॅम, ४ किलो ५० ग्रॅम.

३. रताळ्यांच्या एका पिशवीचे वजन ५ किलो ८० ग्रॅम आणि दुसरीचे ५ किलो ७०० ग्रॅम. कोणती जड? किती ग्रॅमने? (८० आणि ७०० मध्ये तुम्ही फसणार नाही. ५.८ आणि ५.७ लिहिलेत तर फसाल.)

चाचणीत ज्यांची तुलनेची सगळी गणिते बरोबर आली, त्यांनी पहिला प्रश्न सोडून थेट दुसऱ्यावर जावे.

भाग २ : कापड

४. वडगावच्या मागावरची एक साडी ब्लाउज पीससह ६ मीटर ३० सेंमी भरली. ब्लाउज पीस ८५ सेंमीचा कापून घेतला. साडी किती मीटर उरली?

५. तीन तुकडे : २ मीटर ८ सेंमी, २ मीटर ८० सेंमी, २ मीटर ७५ सेंमी. दशांशात लिहा. सर्वात आखूड कोणता?

भाग ३ : तास आणि जमीन

हा भाग नमुना पत्रिकेत नव्हता, मी मुद्दाम घातला आहे. किलो आणि मीटर हे १०, १००, १००० च्या घरातले, त्यामुळे शून्ये मोजून भागते. ६० मिनिटे आणि ४० गुंठे यांना ती युक्ती चालत नाही, तिथे भागाकार करावाच लागतो.

६. तासात लिहा : ४५ मिनिटे, १ तास १५ मिनिटे, २ तास ३० मिनिटे.

७. रोटरसाठी ट्रॅक्टर तासाला ८०० रुपयांनी ठरला (हाही दर गणितापुरताच). काम १ तास ४५ मिनिटे चालले. एकाने १.४५ × ८०० करून ११६० रुपये दिले. खरे किती द्यायला हवे होते? ट्रॅक्टरवाल्याचे किती बुडाले?

आता उतारा. आपल्याकडे कर्नाटकात जमिनीच्या उताऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात २.१०.०० असे छापलेले असते. ते २ एकर १० गुंठे ० आणे असे वाचायचे. १६ आण्यांचा एक गुंठा. इथला पॉइंट दशांशचिन्ह नाही, तो फक्त एकर आणि गुंठे वेगळे करतो. १० गुंठे = १०/४० = ०.२५ एकर, म्हणून हे क्षेत्र २.२५ एकर झाले. घरात मोठी माणसे "दोन एकर दहा गुंठे" असेच बोलतात आणि ते अगदी बरोबर आहे. गोंधळ होतो तो कॅल्क्युलेटरवर २.१० दाबले की.

८. उताऱ्यावरची ही क्षेत्रे दशांश एकरात लिहा : १.२०.००, ०.३०.००, ३.०४.००.

९. दोन भावांच्या नावे १.३०.०० आणि २.२५.०० आहे. दोघांची मिळून किती एकर, किती गुंठे? (३० आणि २५ गुंठ्यांची बेरीज ४० च्या वर जाते, तेव्हा काय करायचे ते ठरवा.) मग तेच उत्तर दशांश एकरात लिहा.

१०. कोणते शेत मोठे : १.८ एकर की उताऱ्यावरचे १.३५.००? कारण दोन वाक्यांत लिहा. या प्रश्नात मला आकड्यापेक्षा तुमची वाक्ये वाचायची आहेत.

घरी करायचे काम

भाग १ आणि २ वर्गात पूर्ण होतील. घरी भाग ३ सोडवा, आणि खालीलपैकी कोणतेही एकच काम करा.

दुकानात सामान आणायला गेलात तर काट्यावरचे तीन आकडे जसेच्या तसे वहीत उतरवा, शेवटचे शून्यही गाळू नका. शेजारी किलो-ग्रॅम लिहा. दुकानदारकाकांना आधी विचारा, आणि गर्दी असेल तर थांबा.

किंवा घरात उतारा असेल तर मोठ्यांच्या समोर बसून क्षेत्राचा रकाना शोधा. उतारा कन्नडमध्ये असतो, तुम्हाला कन्नड वाचता येते, तेव्हा शीर्षके तुम्हीच वाचून दाखवा. वहीत फक्त क्षेत्राचा आकडा घ्या. नाव आणि सर्व्हे नंबर लिहू नका. जमीन नसेल किंवा कागद दाखवायचा नसेल तर काहीच बिघडत नाही, कारण सांगायची गरज नाही.

किंवा टेपने घरातला दरवाजा, खाट आणि एक ओढणी मोजा आणि मीटरमध्ये लिहा. ९८ सेंमी आणि १ मीटर ९ सेंमी अशी मापे आली तर विशेष लक्ष द्या.

पालकांसाठी

नमस्कार. मुलांना उत्तर सांगू नका, पण "एकात किती?" एवढे जरूर विचारा. गुंठे, आणे, पायली, शेर यांचा हिशोब तुम्हाला आणि आजी-आजोबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तो मुलांना सांगा. आम्ही तो वर्गात वापरू. शाळा शिकलो नाही म्हणून मागे राहू नका. भाग ३ अर्ध्या तासात संपला नाही तर तिथेच थांबवा आणि मुलाला कुठे अडले तिथे वहीत फुली करायला सांगा. मला ती फुली हवी आहे, दुसऱ्याच्या हातचे पूर्ण पान नको.

सोमवारी पहिल्या तासाला प्रश्न ७, ९ आणि १० फळ्यावर घेऊ. ज्यांच्या घरी शिवणकामाची टेप आहे त्यांनी ती आणावी, वर्गाला सहा लागतील.