एप्रिल २०२५ चा डॅशबोर्ड: सोबतचे टिपण

प्रति: विभागप्रमुख, विणकाम, डाइंग, शिलाई, तपासणी व पॅकिंग, खरेदी, स्टोअर, मेंटेनन्स, डिस्पॅच
प्रेषक: नियोजन व एमआयएस कक्ष, अक्कलकोट रोड युनिट, सोलापूर
दिनांक: ५ मे २०२५
विषय: एप्रिलचा डॅशबोर्ड, तीन निष्कर्ष आणि एक खुलासा

सप्रेम नमस्कार,

एप्रिलचा डॅशबोर्ड सोबत जोडला आहे. पाने सहाच आहेत, पण शुक्रवारच्या बैठकीआधी सगळी वाचायला वेळ मिळाला नाही तर निदान हे टिपण वाचून यावे. थोडक्यात सांगायचे तर दुसऱ्या पाळीत मागांची कार्यक्षमता घसरली, डाइंगमध्ये पुन्हा कराव्या लागलेल्या बॅच जवळपास दुप्पट झाल्या, आणि उशिरा गेलेल्या ऑर्डरींपैकी बहुतेक ऑर्डरी तयार माल असूनही लेबल-खोक्यांसाठी अडकल्या. पहिल्या दोन गोष्टींचा माग काढत गेलो की दोन्ही वेळा आपण एकाच सॉफ्टनरपाशी पोचतो. खुलासा पान २ वरच्या लाल आकड्याबद्दल आहे आणि तो आधी वाचलेला बरा, नाहीतर पहिल्या निष्कर्षावरची चर्चा भलतीकडे जाईल.

आधी खुलासा

पान २ वर लूमशेडची एकूण कार्यक्षमता मार्चमध्ये ७८.८ टक्के आणि एप्रिलमध्ये ७४.७ टक्के दिसते. ही ४.१ अंकांची घट पूर्णपणे खरी नाही. १ एप्रिलपासून ७२ पैकी २४ मागांवर (क्रमांक ४९ ते ७२) नोंद घेणारे नवीन युनिट बसले. त्याआधी आपण पाळीच्या ४८० मिनिटांतून रजिस्टरमध्ये लिहिलेले थांबे वजा करत होतो, आणि दोन मिनिटांच्या आतला थांबा सहसा कोणी लिहीत नाही. युनिट मात्र वीस सेकंदांचा थांबाही मोजते. माग तेच, विणकर तेच, पट्टी बदलली.

फरक किती पडतो हे पाहण्यासाठी २२ ते २४ एप्रिल असे तीन दिवस त्या २४ मागांवर रजिस्टर आणि युनिट दोन्ही चालू ठेवले. रजिस्टरने ७५.७ टक्के दाखवले, युनिटने ७२.२. म्हणजे साडेतीन अंक निव्वळ मोजण्याच्या पद्धतीचे. या २४ मागांची डॅशबोर्डवरची घट ६.८ अंकांची आहे (७९.२ वरून ७२.४), त्यातले हे साडेतीन वगळले तर ३.३ उरतात. तीन दिवसांची तुलना तशी तुटपुंजीच, तेव्हा ३.३ हा आकडा अंदाज म्हणून घ्यावा, पैशापैशाचा हिशेब म्हणून नव्हे.

तेव्हा मार्चशी तुलना करायची असेल तर फक्त जुन्या ४८ मागांची करावी: ७८.६ वरून ७५.९, म्हणजे २.७ अंकांची घट. यातही एक मेख आहे. या मागांचे छोटे थांबे अजूनही कुठेच नोंदले जात नाहीत, त्यामुळे तुलना बरोबर असली तरी ७५.९ हा आकडा प्रत्यक्षापेक्षा उजळ आहे. आणि एक आवर्जून: ४९ ते ७२ क्रमांकाच्या मागांवरच्या विणकरांना केवळ या डॅशबोर्डच्या आधारे मेमो काढू नयेत. प्रोत्साहन भत्त्याचा हिशेबही एप्रिलपुरता जुन्या पद्धतीनेच धरावा, असे आमचे मत आहे. उरलेल्या मागांवर युनिट बसतील तेव्हा पहिला महिनाभर रजिस्टर बंद करू नये, म्हणजे हाच घोळ पुन्हा होणार नाही.

पहिला निष्कर्ष: घसरण दुसऱ्या पाळीत आहे

यापुढचे आकडे फक्त जुन्या ४८ मागांचे. पहिली पाळी ७९.४ वरून ७८.०, तिसरी ७८.८ वरून ७७.४, दोन्हींत १.४ ची घट. दुसरी मात्र ७७.६ वरून ७२.३, म्हणजे ५.३ अंक खाली.

१४ एप्रिलच्या आठवड्यात दुपारनंतर हजेरी कमी होती, त्याचाच हा परिणाम असेल असे आम्हालाही आधी वाटले. तो आठवडा वगळून पाहिले तर दुसरी पाळी ७२.६ वर येते. म्हणजे कारण हजेरी नाही.

कारण धागातुटीत आहे. दुसऱ्या पाळीत मार्चमध्ये दर मागामागे सरासरी ९ ताणातुटी होत होत्या, एप्रिलमध्ये १५. त्यातल्या ११ जमिनीच्या ताण्यात आहेत, पाइलच्या नाहीत. पाइलचा बीम सैल चालतो, ताण जमिनीच्या ताण्यावर येतो, त्यामुळे हवा कोरडी पडली की आधी तोच तुटतो. नोंदलेल्या तुटीला, जोडणारा मागापाशी येईपर्यंतचा वेळ धरून, सरासरी ४ मिनिटे जातात. सहा जादा तुटी म्हणजे २४ मिनिटे, ४८० च्या ५ टक्के. घट ५.३ आहे, म्हणजे हिशेब जुळतो.

शेडमधल्या आर्द्रतेच्या नोंदी पहिल्या पाळीत सरासरी ७४ टक्के आहेत, दुसऱ्या पाळीत ६१. सुती ताण्याला पंचाहत्तरच्या आसपास हवी. एप्रिलची सोलापुरी दुपार कोरडी असणारच, तिला इलाज नाही. पण ह्युमिडिटी प्लांट आहे तो त्यासाठीच. १८ एप्रिलच्या तपासणीत ९६ पैकी ६१ फवारेच नीट चालत होते. उरलेल्या ३५ च्या तोंडाशी पांढरा, खडूसारखा थर बसला होता. तो नखाने निघत नव्हता, सौम्य ॲसिडमध्ये बुडवल्यावर फेस येऊन सुटला. म्हणजे क्षार. प्लांटला मऊ पाणी जाते, अशीच आपली सगळ्यांची समजूत आहे.

दुसरा निष्कर्ष: डाइंगमध्ये पुन्हा केलेल्या बॅच ६.८ वरून १२.५ टक्क्यांवर

मार्चमध्ये २५१ पैकी १७ बॅच पुन्हा कराव्या लागल्या, एप्रिलमध्ये २४८ पैकी ३१. बहुतेक नेव्ही, मरून आणि बॉटल ग्रीन. तक्रारी दोनच प्रकारच्या: शेड मंद येणे किंवा डाग पडणे, आणि सोपिंगनंतरही रंग सुटत राहणे. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम रिॲक्टिव्ह रंग गढूळ करते आणि न बसलेला रंग नीट धुऊन निघू देत नाही; गडद शेडमध्ये रंगाचे प्रमाण जास्त, म्हणून तिथे ते आधी दिसते.

रंगाचा लॉट, मशीन आणि मास्तर अशा तिन्ही अंगांनी फोड करून पाहिली, काही हाती लागले नाही. बॅच भरल्याची वेळ लावली तेव्हा चित्र उघड झाले. रात्री ११ ते सकाळी ७ या वेळात भरलेल्या ७६ बॅचपैकी १९ पुन्हा कराव्या लागल्या, म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. उरलेल्या दोन पाळ्यांत १७२ पैकी १२, म्हणजे ७ टक्के, जवळपास मार्चइतकेच.

सॉफ्टनरचे रिजनरेशन रोज सकाळी ७ वाजता, घड्याळ लावून होते. कच्च्या पाण्याचा जडपणा ३२० पीपीएम असताना एका रिजनरेशनवर सुमारे १२० घनमीटर मऊ पाणी मिळते आणि आपला रोजचा वापर ११५ आहे. भागत होते, पण जेमतेम. एप्रिलमध्ये टँकरचे प्रमाण वाढले आणि कच्चे पाणी ४८० पीपीएमवर गेले. जडपणा दीडपट म्हणजे मिळणारे पाणी दोन तृतीयांश, ८० घनमीटर. तासाला ४.८ घनमीटर वापर धरला तर ते रात्री पावणेबाराच्या सुमारास संपते. तिथून सकाळपर्यंत डाइंगलाही जड पाणी जाते आणि ह्युमिडिटी प्लांटलाही. फवाऱ्यांवर थर बसतो रात्री आणि त्याचा त्रास होतो दुपारी.

मग रजिस्टरमध्ये हे का दिसले नाही? तिथे महिनाभर ५ पीपीएमच्या आत नोंदी आहेत आणि त्या खोट्या नाहीत. नमुना रोज सकाळी नऊच्या सुमारास, म्हणजे नुकतेच रिजनरेशन झाल्यावर घेतला जातो. तेव्हा पाणी मऊच असणार. प्रयोगशाळेने चार रात्री पहाटे ५ वाजता नमुने घेतले, ते ११० ते १४० पीपीएमच्या दरम्यान निघाले.

पुन्हा केलेल्या बॅचला सरासरी चार तास जादा लागतात. मार्चपेक्षा १४ बॅच जास्त, म्हणजे ५६ मशीन-तास. वाफ आणि पाणी वेगळे.

मेंटेनन्सला विनंती: रिजनरेशन घड्याळावर न ठेवता मीटरवर ठेवावे, दर ७० घनमीटरला एकदा. त्याला दीड तास लागतो, तेवढ्यापुरते सात-आठ घनमीटर मऊ पाणी साठवणीच्या टाकीत आधी भरून ठेवावे. मीठ जास्त लागेल, स्टोअरने मागणी त्याप्रमाणे धरावी. प्रयोगशाळेने नमुना रिजनरेशनच्या आधी घ्यावा. फवारे साफ करायचे ते यानंतर. आधी केले तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

तिसरा निष्कर्ष: उशीर पॅकिंगच्या दाराशी होतो

एप्रिलमध्ये पाठवायच्या ६४ ऑर्डरींपैकी ४७ वेळेवर गेल्या (७३.४ टक्के, मार्चमध्ये ५८ पैकी ४५, म्हणजे ७७.६). राहिलेल्या १७ पैकी ४ डाइंगमुळे आणि २ कंटेनर वेळेवर न लागल्यामुळे. बाकी ११ ऑर्डरींचा माल शिवून, तपासून, घड्या घालून पडून होता, सरासरी साडेतीन दिवस. कधी बारकोडची लेबले नव्हती, कधी छापील खोकी.

खोक्यांची खरेदी-ऑर्डर डिस्पॅचच्या तारखेआधी सरासरी ६ दिवस निघते आणि छापून यायला ८ दिवस लागतात. याहून जास्त विश्लेषणाची गरज नाही. ग्राहकाची ऑर्डर पक्की होते त्याच दिवशी लेबल व खोक्यांचा मजकूर मंजुरीला पाठवावा आणि तपासणीचा शेरा पडायची वाट पाहू नये, असा प्रस्ताव खरेदी विभागासमोर आहे. नग बदलले तर खोक्यांची संख्या बदलता येते, मजकूर सहसा बदलत नाही.

विणकामामुळे एकही ऑर्डर अडली नाही हे खरे, पण त्यावर विसंबू नये. कोऱ्या मालाचा साठा ९ दिवसांवरून ६ दिवसांवर आला आहे. एप्रिलची घट तिथे जिरली. मेमध्ये जिरायला तेवढी जागा नाही.

बैठक शुक्रवार, ९ मे, सकाळी ११ वाजता, कॉन्फरन्स रूममध्ये. मेंटेनन्सने १ मेपासूनची सॉफ्टनर मीटरची रीडिंग, खरेदीने चालू ऑर्डरींच्या लेबल-खोक्यांची यादी तारखांसह, आणि विणकामने दुसऱ्या पाळीचे तुटीचे रजिस्टर सोबत आणावे. एखादा आकडा चुकीचा वाटल्यास बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवावे, म्हणजे बैठकीआधी मूळ नोंदीशी ताडून पाहता येईल.

आपला,
नियोजन व एमआयएस प्रमुख