‘ओहोटी’: एका कार्डाचं वाचन

मृण्मयी, तुमचा प्रश्न असा होता: ‘रत्नागिरीला बारावीत बरोबर असलेल्या वर्गमित्राबद्दल आठ वर्षांनीही मनात जे उरलंय, त्याचं मी काय करू?’ प्रश्न तुमच्याबद्दल आहे, म्हणून एका कार्डावर भागतं. ‘त्याच्या मनात काय आहे?’ असं विचारलं असतंत, तर कुठल्याही चित्रात आपल्याला हवं तेच दिसलं असतं.

ओरॅकल, म्हणजे टॅरोहून वेगळ्या, चित्रांवरून वाचायच्या कार्डांच्या संचातून कार्ड आलं ‘ओहोटी’. पाणी मागे सरलंय, ओल्या वाळूवर शिंपले आहेत, होडी वाळूत टेकली आहे. आधी नजर जाते मागे गेलेल्या पाण्याकडे, आणि बहुतेक जण तिथेच थांबून ‘संपलं’ असं वाचतात. दोर बघा. होडी अजून खुंटीला बांधलेली आहे. भावना ओसरली आहे, बांधून ठेवायची सवय ओसरलेली नाही. त्याचा डीपी बदलला की त्याच दिवशी कळतं असं तुम्ही लिहिलंत, तो हा दोर.

गेल्या महिन्यात तुम्ही काढलेली टॅरोची तीन कार्डं याच्या शेजारी ठेवू. सिक्स ऑफ कप्समध्ये मुलगा मुलीला फुलांनी भरलेला पेला देतोय. हे आठवणींचं कार्ड. ‘तो परत येणार’ एवढाच अर्थ त्यातून काढू नका. एट ऑफ कप्समध्ये माणूस रचलेले पेले सोडून चाललाय आणि वरच्या रांगेत एका पेल्याची जागा रिकामी आहे. तुमच्या बाबतीत ती जागा न बोललेल्या वाक्याची. शेवटचं पेज ऑफ कप्स उलटं आलं होतं: कोवळी भावना आहे, पण ती बोलून दाखवायला संकोच वाटतो.

ओरॅकल आणि टॅरो, दोन्हींचा सूर एकच आहे, फरक एका जागी पडतो. एट ऑफ कप्स निघून जायला सांगतं. ओहोटीनंतर मात्र साधारण सहा तासांत भरती येते. मला इथे ओरॅकल जास्त खरं वाटतं: डिसेंबरच्या गेट-टुगेदरला हे पुन्हा उसळेल, आणि त्यावरून आठ वर्षं फुकट गेली असं ठरवू नका. टॅरोची ७८ कार्डं ठरलेली असतात, त्यामुळे त्यातून क्रम आणि कारण नीट कळतं. ओरॅकलच्या संचाला ठरलेली संख्या नाही की कप्ससारखे गट नाहीत. एक कार्ड फक्त आजची स्थिती दाखवतं. त्यावरून तारीख किंवा लग्नाचा योग सांगता येत नाही.

आता करायचं ते. न बोललेलं वाक्य कागदावर लिहा, पाच ओळींच्या आत, आणि सात दिवस ठेवा. आठव्या दिवशी दिवसाउजेडी वाचा. तेव्हाही तेच म्हणायचं असेल, तर एकच साधा मेसेज पाठवा, त्याला उत्तर न देण्याची मोकळीक ठेवून. त्याचं लग्न ठरल्याचं आधीच कळलं, तर कागद तुमच्याकडेच राहू द्या. याच प्रश्नावर खुलाशासाठी दुसरं कार्ड आत्ता काढू नका. मनासारखं येईपर्यंत काढत राहिलं की पहिलं वाचन हातातून जातं. पुढचं कार्ड गेट-टुगेदर झाल्यावर काढू.