गप्प टॅपेट

सोमा आला तेव्हा दत्तूनाना माझ्या स्कूटरची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होते. गाडी स्टँडला लावायच्या आधीच तो म्हणाला, "नाना, इंजिन गेलं."

"गेलेल्या इंजिनावर बसून आलास का?"

"आलो कसाबसा. टकटक करून राह्यलं. पिंपळगावात एकाला दाखवलं, तो म्हणे क्रँक गेला. बारा हजार." बारा हजार म्हणताना त्याचा आवाज उतरला. द्राक्षाचा सीझन, पॅकहाऊसला रात्रपाळी, सुकेण्याहून रोजचं येणं-जाणं. गाडी चार दिवस जरी खोलून पडली, तरी तेवढी हजेरी बुडणार.

"बंद करू नको," नाना म्हणाले आणि ट्यूब तशीच पाण्यात सोडून उठले. माझा पंक्चर मागे पडला तो पडलाच.

नाना गाडीकडे बघतसुद्धा नव्हते. लिंबाच्या खोडाला टेकून, मान खाली घालून उभे राहिले. शेजारच्या गिरणीवाल्याला हातानेच खूण केली, त्याने पट्टा उतरवला. सोमा मात्र इंजिनाकडे न बघता नानांच्या तोंडाकडे बघत होता. डॉक्टर नाडी धरून गप्प बसला की घरचे असेच बघतात.

"क्लच दाब."

दाबला. टिक टिक तशीच.

"सोड. हळू रेस दे. हळू म्हणलं रे, लग्नाची वरात नाही ही!"

रेस वाढली तशी टिकटिक दाटली. मग नानांनी हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक खाली क्रँककेसला टेकवलं आणि मूठ कानाशी धरली. सोमाने आवंढा गिळला.

"क्रँक ठणठणीत आहे. तो गेला तर खालून हातोडा मारल्यासारखा बोलतो, चढाला जास्त. हा आवाज पातळ आहे." टोक वर टॅपेटच्या झाकणावर गेलं. तिथे मात्र नाना बराच वेळ थांबले, कपाळाला आठी.

"काय झालं, नाना?"

"काहीच नाही ऐकू येत. तीच तर गोची आहे. कोणी आवळलं टॅपेट?"

सोमा खाली बघू लागला. "त्यानंच. म्हणे आवाज कमी होईल. नाही झाला. उलट गरम झाली की ओढतच नाही, राहूडच्या घाटात तर पहिल्यावर आणावी लागली."

नानांनी फडकं घमेल्यात भिजवलं, पिळलं आणि सायलेन्सरचा बेंड जिथे हेडला भिडतो तिथे दाबून धरलं. चर्र झालं, वाफ निघाली, आणि टिकटिक थांबली! फडकं काढलं, पुन्हा सुरू. त्या जोडाच्या कडेला बोटभर काजळी पसरली होती. आम्ही दोघेही इतका वेळ तिथेच बघत होतो, पण दिसली नव्हती.

"गॅस्केट फुटलंय. तिथून हवा फुटते, ती टॅपेटसारखी वाजते. तुझ्या माणसानं आवाज ऐकला, पण कुठून येतो ते नाही ऐकलं."

"मग लगेच..."

"लगेच काही नाही. टॅपेट गार इंजिनावर लावतात. बस."

तास-दीड तास सोमा बसला म्हणजे काय, येरझाऱ्या घालत होता. दर पाच मिनिटांनी इंजिनाला हात लावून बघायचा. चहा आला, तोही त्याचा गार झाला.

मग नानांनी मॅग्नेटची खूण जुळवली, फिलर गेजची ०.०८ ची पाती काढली. सायलेन्सरच्या बाजूला ती शिरेचना. "बघ. इतकं आवळलंय की गरम झाल्यावर व्हॉल्व पूर्ण बसतच नसणार. मग दम कुठून राहणार? अजून महिनाभर चालवली असतीस तर व्हॉल्व जळाला असता, तेव्हा खरं इंजिन खोलावं लागलं असतं." नट ढिला केला, पाती सरकवली, किंचित अडेल इतपत ठेवून नट आवळला. बेंडला नवं गॅस्केट बसवलं.

किक मारली. फाटका आवाज गेला होता. पण कान देऊन ऐकलं तर वरून बारीक टिक टिक येतच होती. सोमाचा चेहरा पडला.

"नाना, वाजतंय अजून!"

"आता वाजू दे. बोलणारं टॅपेट बरं. ते गप्प झालं की माझ्याकडे ये."

"किती झाले?"

"एकशे ऐंशी. गॅस्केट धरून."

सोमाने दोनशे काढले, सुटे घ्यायला थांबला नाही. हापशापाशी जाऊन मात्र थांबला, मान तिरकी करून इंजिनाकडे कान दिला. मग गेला.

नाना घमेल्यापाशी बसून ट्यूब फिरवत होते. रस्त्याकडे पाठ होती.

"तिसरा गिअर लवकर टाकला," ते म्हणाले, आणि बुडबुड्यावर बोट ठेवलं.