पी-व्ही डायग्रामचा फोटो पाठवलाय, BC मध्ये वर्क किती?

दादा, प्रश्न १४ चा फोटो टाकलाय, जरा बघ ना. सिडकोत लाईट गेलेली त्यामुळे मोबाईलच्या टॉर्चवर काढलाय, सावली आलीये आणि पान शिवणीकडे फुगलंय, सॉरी. मोनोअटॉमिक आयडियल गॅस आहे, A ला १०० किलोपास्कल आणि २ लिटर, B ला ३०० किलोपास्कल आणि २ लिटर, C ला १०० किलोपास्कल आणि ६ लिटर, मग परत A. विचारलंय की प्रत्येक प्रोसेसमध्ये वर्क आणि हीट किती, आणि शेवटी एफिशियन्सी. मी BC आयसोथर्मल धरलं कारण B आणि C दोन्हीकडे PV ६०० येतं, म्हणजे टेम्परेचर सेम. तर वर्क ६०० × ln ३ = ६५९ ज्यूल आलं आणि पूर्ण सायकलचं २५९. पुस्तकात मागे ४०० दिलंय. पुस्तक चुकलंय का मी? शिवाय केमिस्ट्रीच्या सरांनी ΔU = Q + W शिकवलंय आणि फिजिक्सला ΔU = Q − W, उद्या क्लासला टेस्ट आहे आणि डोक्याचं पार दही झालंय.

---

पुस्तक बरोबर आहे रे. फोटो झूम करून बघितला, पान फुगल्यामुळे BC रेघ वाकडी दिसतीये, पण ग्राफच्या चौकोनांवरून बघ, ४ लिटरवर ती बरोबर २०० च्या रेघेला कापते. आयसोथर्मल असती तर तिथे ६०० / ४ म्हणजे १५० ला पाहिजे होती. म्हणजे सरळ रेघ आहे. दोन टोकांचं टेम्परेचर सेम आलं म्हणून मधला रस्ता आयसोथर्मल होत नाही, पंचवटीहून नाशिकरोडला कुठूनही गेलास तरी पोचतोस तिथेच, पण पेट्रोल रस्त्याप्रमाणे लागतं. ΔU फक्त टोकांवर, W आणि Q रस्त्यावर.

साइनचं आधी मिटवू. दोन्ही सर बरोबर आहेत. फिजिक्समध्ये W म्हणजे गॅसने केलेलं काम, केमिस्ट्रीत गॅसवर केलेलं, म्हणून चिन्ह उलटं. एका गणितात एकच धर, इथे ΔU = Q − W. आणि किलोपास्कल गुणिले लिटर म्हणजे थेट ज्यूल, दहाचे घात करत बसू नकोस.

A ते B उभी रेघ, व्हॉल्यूम बदललाच नाही, W = ०. ΔU = ३/२ × (६०० − २००) = ६०० ज्यूल, तेवढीच Q, आत आलेली.

B ते C, रेघेखालचा एरिया थेट व्हॉल्यूमच्या अक्षापर्यंत घ्यायचा, नुसता त्रिकोण नाही, तिथे निम्मी पोरं फसतात. ट्रॅपेझियम आहे, सरासरी प्रेशर २००, व्हॉल्यूम वाढला ४ लिटर, W = ८०० ज्यूल. ΔU शून्य (तू म्हणालास ते इथे कामाला आलं), म्हणून Q = ८००.

C ते A आडवी रेघ उलट्या दिशेने, W = १०० × (२ − ६) = −४०० ज्यूल, ΔU = ३/२ × (२०० − ६००) = −६००, तर Q = −१०००, म्हणजे हीट बाहेर गेली. इथे मायनस विसरलास तर पुढचं सगळं गेलं.

आता ताळा. W ची बेरीज ० + ८०० − ४०० = ४००. Q ची ६०० + ८०० − १००० = ४००. त्रिकोणाचा एरिया १/२ × ४ × २०० = ४००. तिन्ही जुळले, झालं.

एफिशियन्सीत मात्र गंमत आहे आणि मला हा प्रश्न त्यासाठीच आवडला. तू ४०० / १४०० करशील, २८.६ टक्के. पण BC वर गॅस आधी तापतो आणि मग थंड होतो, ४ लिटरला PV ८०० होतं, म्हणजे मध्ये टेम्परेचर सगळ्यात जास्त. रेघेचं समीकरण P = ४०० − ५०V, ते dQ = ३/२ d(PV) + P dV मध्ये टाकलं की dQ = (१००० − २००V) dV येतं, जे ५ लिटरला शून्य होतं. ४ ला नाही, ५ ला! ४ ते ५ मध्ये गॅस थंड होतोय तरी हीट आतच येतीये, कारण काम त्याहून जास्त चाललंय. तर २ ते ५ मध्ये ९०० ज्यूल आत, ५ ते ६ मध्ये १०० बाहेर. खरी आत आलेली हीट ६०० + ९०० = १५००, एफिशियन्सी ४०० / १५००, साधारण २६.७ टक्के. ऑप्शनमध्ये दोन्ही असतील तर २६.७ लाव.

प्रश्न १५ च्या फोटोत प्रेशरच्या अक्षावरचे आकडेच कापले गेलेत, अक्ष शून्यापासून सुरू होतोय का ५० पासून ते कळत नाहीये, लाईट आली की पान सपाट दाबून परत काढून पाठव.