एट ऑफ कप्स : ‘सोडू का?’ या तुमच्या प्रश्नासाठी

ताई, सहा वर्षांचं नातं. भांडण नाही, फसवणूक नाही, तरी आत काहीतरी रिकामं, असं तुम्ही लिहिलंत. आणि टॅरोचं पान निघालं ते नेमकं हेच.

पामेला कोलमन स्मिथ यांनी 1909 मध्ये रंगवलेलं हे चित्र नीट बघा. आठ पेले, खाली पाच, वर तीन. एकही फुटलेला नाही, सांडलेला नाही. फक्त वरच्या रांगेत एक फट आहे, नवव्या पेल्याएवढी. लाल वस्त्रातला माणूस काठी टेकत डोंगराकडे निघालाय, पाठमोरा. रागाने पाय आपटत जाणारा हा नव्हे. (मला तर तो थोडा थकलेलाच वाटतो.)

म्हणजे ‘तो वाईट आहे का?’ हा तुमचा प्रश्नच नाही. पान निघण्याकडे झुकतंय, हे मी लपवत नाही. पण तुमची ती फट कुठली, हे जोडीदाराला एकदा तरी स्पष्ट बोलून दाखवलंय का? नसेल, तर आधी ते बोला. बोलून झालं असेल आणि उत्तर ‘सगळं ठीक तर आहे’ एवढंच आलं असेल, तर काठी तुमच्या हातात आहेच.