खिडकीजवळ या!

नमस्कार मैत्रिणींनो! या, पुढे या. खिडकीजवळच्या खुर्च्या रिकाम्या ठेवू नका, आज तीच जागा सगळ्यात मोलाची आहे.

घरचं आवरून, ऑर्डरी बाजूला ठेवून, कुणी लेकराला कडेवर घेऊन तुम्ही आलात. आपण केलेल्या वस्तूंचे फोटो मोबाइलवर नीट कसे काढायचे, ते आज शिकायचं आहे. सगळ्यांचं मनापासून स्वागत!

मी क्रोशाच्या पर्स विणते. सुरुवातीला दिवसभराची कामं उरकली की रात्री पिवळ्या बल्बखाली फोटो काढायचे. मोरपिशी रंगाची एक पर्स फोटोत चक्क हिरवी आली. एका ताईंनी ती हिरवी म्हणून मागवली आणि हातात पडताच परत पाठवली. पर्सच्या विणीत एक टाका चुकलेला नव्हता. चुकला होता माझा फोटो. गिऱ्हाइकाला आपली वस्तू हातात घेऊन बघता येत नाही, तिच्यासाठी तो फोटोच वस्तू असतो, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

म्हणून आज सकाळचा सगळा वेळ उजेडासाठी ठेवलाय. खोलीतले दिवे बंद करायचे, कारण बल्बचा आणि दिवसाचा उजेड एकत्र आला की रंग बिघडतात. वस्तू खिडकीला आडवी ठेवायची, म्हणजे उजेड एका बाजूने येतो आणि विणीतला एकेक टाका उठून दिसतो. दुसरी बाजू काळवंडली तर तिथे साधा पांढरा कागद उभा करा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा त्या एका कागदाने पडलेला फरक बघतच राहिले होते! दागिने आणि काचेच्या वस्तू करणाऱ्यांना चकाकीचा त्रास होतो, त्यांच्यासाठी खिडकीला पातळ पांढरा पडदा लावलाय.

दुपारी मोबाइल. पांढऱ्या कापडावरचा फोटो राखाडी का येतो आणि स्क्रीनवर बोट ठेवून उजेड कसा वाढवायचा, ते प्रत्येकीने करून बघायचं आहे. मापाचा अंदाज यावा म्हणून एक फोटो वस्तू हातात धरून काढू. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो डॉक्युमेंट म्हणून कसा पाठवायचा तेही बघू, नाहीतर इतक्या मेहनतीने काढलेला फोटो तिथे दाबला जाऊन धूसर होतो.

एक विनंती मात्र आहे. फिल्टर लावून रंग खुलवू नका. हाताने केलेल्या वस्तूत थोडा उन्नीस-बीस फरक असतो, तो दिसू द्या. जे दिसलं तेच घरी आलं, की ती बाई पुन्हा तुमच्याकडेच येते.

प्रश्न मनात ठेवू नका, मध्येच विचारा. कॅमेरा जुना आहे म्हणून कुणी मागे बसू नका, माझे अजूनही सगळे फोटो चार वर्षांच्या फोनवरचेच आहेत.

चला, पिशव्यांतून आपापली एक वस्तू काढून टेबलावर ठेवा. प्रत्येकीसमोर मऊ कापडाचा तुकडा आहे, त्याने आधी मोबाइलच्या मागची लेन्स पुसून घ्या. आणि दाराजवळच्या ताई, तेवढे दिवे बंद कराल का?