परदेशी पाहुणीसाठी उद्याचा स्वयंपाक

सूनबाई,

उद्या ती नेदरलँड्सची पाहुणी सेवाग्रामहून आपलं कापसाचं वावर पाहायला येते आणि रात्री आपल्याकडेच जेवते, असं तुझे सासरे फोनवर म्हणाले. मी इथं अमरावतीला लेकीच्या बाळंतपणात, म्हणून सगळं लिहून पाठवते.

पातोडी रस्सा करायचं तुझ्या मनात आहे. तुझा रस्सा चांगलाच होतो, पण उद्या नको. त्याची सगळी गंमत तर्रीत. तिखट काढलं की मागे नुसतं मसाल्याचं पाणी राहतं, आणि ते पाहुणीनं वऱ्हाडची चव म्हणून का खावं? आपल्याकडे मुळातच सौम्य असलेले पदार्थ कमी आहेत का? तेच वाढ. गोळाभात आणि कढी, कोहळ्याची भाजी, वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, शेवयांची खीर. एवढं भरपूर झालं.

पहिलं काम, आजच फोन करून तिला विचारून घ्यायला सांग: फल्लीदाणे चालतात का, दूध-दही चालतं का. तिकडं काहींना दाण्यांचा मोठा त्रास होतो, जीवावर बेततं. आणि तिकडचे काही शाकाहारी दूधही घेत नाहीत. तसं असलं तर कढीऐवजी चिंच-गुळाचं सार कर, खीर राहू दे, आणि तूपही तिच्या पानात नको.

गोळाभात सहा माणसांचा सांगते. चण्याची डाळ दीड वाटी चार तास भिजव, पाणी पूर्ण निथळ आणि भरडच वाट. बारीक झाली की गोळे दगडासारखे होतात. त्यात मीठ, हळद, हिंग, जिरं, थोडं किसलेलं आलं, मूठभर चिरलेला सांबार आणि दोन चमचे तेल. हिरवी मिरची घालायची नाही. लिंबाएवढे गोळे वळ. दोन वाट्या तांदूळ मोठ्या गंजात शिजायला टाक, पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त ठेव. भात अर्धाअधिक शिजून वरचं पाणी दिसेनासं व्हायला लागलं की गोळे वर मांड, घट्ट झाकण ठेव आणि अगदी मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं राहू दे. सुरी खुपसून पाहा, कोरडी निघाली की झालं. वाढताना गोळा भातावर कुस्कर आणि वरून मोहरी-हिंगाचं गरम तेल घाल. ते तेल दोन वाट्यांत कर. एकीत नुसती मोहरी, हिंग, हळद. दुसरीत लाल मिरच्या आणि लसूण, ती घरच्यांसाठी. दोन्ही वाट्या एका आकाराच्या नकोत, घाईत हात चुकतो.

कढीला दही आंबट हवं. दोन वाट्या दही, दोन चमचे बेसन, चार वाट्या पाणी, घोटून घे. उकळी येईपर्यंत ढवळत राहा आणि मीठ शेवटी घाल, म्हणजे फाटणार नाही. फोडणीला तूप, जिरं, मेथीचे चार दाणे, गोडनिंब, आलं.

वांगं चुलीवर पऱ्हाट्यांच्या निखाऱ्यावर भाज. धुराची ती चव गॅसवर येत नाही, आणि तिला शेतातलंच काही द्यायचं असेल तर हेच. पातीचा कांदा, सांबार, मीठ, थोडं तेल घालून कालव, निम्मं तिच्यासाठी बाजूला काढ. उरलेल्या निम्म्यात भाजलेल्या मिरच्या कुस्कर. लसूण कच्चा घालू नको, तोही जिभेला झोंबतो. मिरे आणि सुंठही त्याच कारणानं टाळ.

कोहळ्याची भाजी तू करतेस तशीच, मेथी-जिऱ्याच्या फोडणीत, शेवटी गूळ. तिखट वगळ. भाकरी लहान थाप, गरमच वाढ. खीर थंड झाली तरी चालेल.

ठेचा ताटात वाढू नको, मधे वाटीत ठेव आणि तो काय आहे ते तिला सांग. मागितला तर चमच्याच्या टोकावर एवढासाच दे. जास्त तिखट लागलंच तर पाण्याचा तांब्या पुढे करू नका, मिरचीचा जाळ पाण्यानं जात नाही. दही किंवा दूध द्या. म्हणून एक वाटी गोड दही तिच्या ताटात आधीपासूनच असू दे.

पिण्याचं पाणी उकळून थंड कर. तिच्यासाठी काकडी-टमाटर चिरून ठेवू नको, त्यापेक्षा संत्री दे, सोलून ती स्वतःच खाईल. खुर्ची-टेबल मांड, चमचा ठेव, पण तिला हातानं खायचं असेल तर खाऊ दे. आग्रह करू नको. आपल्याकडे आग्रहानं मान वाटतो, ती मात्र संकोचानं खात बसेल आणि रात्री त्रास होईल. आधी सगळं थोडं वाढ, मग विचारून. सात-साडेसातला पानं घ्या, तिकडची माणसं लवकर जेवतात.

कढीचं दही आजच सकाळी विरजायला लाव, म्हणजे उद्यापर्यंत आंबेल. तिच्या वाटीतलं गोड दही मात्र उद्या सकाळी वेगळं लाव. शेवया कणगीवरच्या डब्यात आहेत.

— आई